बेचाळीस दिवस घर बंद: निघण्यापूर्वी बँक, पाणी, कुंड्या आणि मांजर यांचं काय करायचं

आठवड्याभरासाठी बाहेर जाताना कुलूप लावलं, गॅस बंद केला, शेजारी सांगितलं की भागतं. महिना-दीड महिना जायचं असेल तर हिशेब बदलतो. तेवढ्या काळात हप्ते कापले जातात, एखादं बिल येतं, कार्डाची मुदत संपते, मोरीच्या पाइपातलं पाणी वाळतं आणि मांजराला एखादा दिवस बरं नसतं. आपण नसलो तरी घर आणि खातं चालूच राहतात.

तयारी करताना मी एकच प्रश्न धरून बसतो: या ४२ दिवसांत कोणकोणत्या गोष्टीला *माझं* उत्तर लागेल? फोनवर आलेला ओटीपी, दारावर आलेलं पाकीट, झिरपणारा नळ, न खाणारं मांजर, हे सगळं त्यात आलं. अशी प्रत्येक गोष्ट एक तर बंद करून जायची, नाही तर दुसऱ्या कुणाकडे सोपवून जायची. यादी याच क्रमाने करा. बॅगा भरण्याची यादी वेगळी, तिची घाई नाही.

उदाहरणासाठी एक मांजर, चौदा कुंड्या आणि एका महिन्याच्या १२ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या २३ तारखेपर्यंतचा परदेश प्रवास धरू.

सहा आठवडे आधी: पैशाची वाट

‘बँकेला कळवा’ हा सल्ला सगळेच देतात. पूर्वी त्याचा अर्थ फोन करून तारखा सांगणं असा होता. आता बऱ्याच बँकांमध्ये हे काम ॲपमधून होतं: परदेशातला वापर चालू करायचा आणि मर्यादा ठरवायची. इथे एक बारकावा असतो. एटीएममधून पैसे काढणं, दुकानात कार्ड वापरणं आणि ऑनलाइन खरेदी यांची बटणं बहुधा वेगवेगळी असतात. दुकानातलं बटण चालू आणि एटीएमचं बंद, अशा अवस्थेत लोक विमानतळावर उतरतात आणि यंत्राला दोष देत बसतात. तिन्ही बटणं उघडून बघा. जिथे प्रवासाच्या तारखा कळवण्याची सोय आहे तिथे त्या कळवा, आणि मध्ये कुठे थांबणार असाल तर तो देशही लिहा. आठ तासांच्या थांब्यावर घेतलेला चहासुद्धा बँकेच्या संगणकाला ‘भलत्याच देशातला व्यवहार’ वाटू शकतो.

पण खरी अडचण कार्डाची नसते, फोन नंबरची असते. मोठी रक्कम पाठवायची, नवीन खातं जोडायचं, ॲप दुसऱ्या फोनवर सुरू करायचं, तर बँक बऱ्याचदा नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी पाठवते. तो नंबर परदेशात जिवंत नसेल तर खात्यात पैसे असूनही तुम्ही दाराबाहेर. मी पहिल्यांदा लांब गेलो तेव्हा उतरल्या उतरल्या तिथलं सिम घातलं आणि घरचं सिम पाकिटात टाकलं. चौथ्या दिवशी पैसे पाठवायची वेळ आली तेव्हा ते घालून बघितलं, तर त्यावर रोमिंगच नव्हतं, आणि रोमिंग चालू करण्याच्या विनंतीला ओटीपी लागत होता. तो ओटीपी अर्थातच त्याच सिमवर येणार होता.

म्हणून घरच्या नंबरचं रोमिंग निघण्याआधीच चालू करून घ्या. इंटरनेट घ्यायची गरज नाही, मेसेज येण्यापुरतं पुरे. नंबर प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाते का ते बघा. दोन सिमची सोय असलेला फोन असेल तर घरचं सिम आत ठेवायचं, त्याचा डेटा बंद करायचा आणि तिथलं सिम दुसऱ्या जागेत घालायचं. तुमच्या बँकेच्या ॲपमध्येच मंजुरी देता येत असेल तर ती पद्धत आत्ताच सुरू करा आणि वायफायवर एकदा वापरून बघा, कारण तिला मेसेज लागत नाही.

आणि फोनच हरवला तर? ॲप गेलं, सिम गेलं, बँकेचा नंबर ज्यात साठवला होता ते यादीपुस्तकही गेलं. कार्ड बंद करण्याचा नंबर कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. तो लिहिताना कार्डामागचा टोल-फ्री नंबर जसाच्या तसा उतरवू नका. टोल-फ्री नंबर बऱ्याचदा देशाबाहेरून लागत नाहीत. परदेशातून लावायचा, देशाच्या कोडासकटचा नंबर वेगळा असतो, तो शोधा.

कार्डावरचा महिना आणि वर्षही आत्ताच वाचा. कार्ड साधारणपणे छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. तो दिवस प्रवासाच्या मधोमध येत असेल तर नवीन कार्ड तुमच्या बंद दाराशी येईल आणि जुनं तिकडे निकामी होईल. सहा आठवडे आधी सांगितलं तर बँक लवकर कार्ड पाठवू शकते. दोन आठवडे आधी सांगितलं तर ते वेळेत येईल याची खात्री नाही.

बिलांचं कार्ड आणि प्रवासाचं कार्ड वेगळं

हा मुद्दा मला दुसऱ्या प्रवासानंतर कळला आणि तेव्हापासून मी तो सोडलेला नाही. प्रवासात कार्ड बंद होण्याची शक्यता घरापेक्षा जास्त असते. हरवतं, चोरीला जातं किंवा संशय आला म्हणून बँकच अडवते. तेच कार्ड तुम्ही घरच्या वीज, फोन आणि विम्याच्या भरण्याला जोडलं असेल, तर कार्ड बंद होताच त्याच्यावर टांगलेली सगळी बिलं एकेक करून नापास होतात. कळतं तेव्हा, जेव्हा विमा तुटल्याची सूचना येते. तीही कदाचित घरच्या टपालपेटीत.

म्हणून बिलं शक्यतो खात्यातून थेट कापली जाऊ द्या, नाही तर अशा कार्डावर टाका जे घराबाहेर जाणारच नाही. प्रवासाला दोन कार्डं न्या, जमल्यास दोन वेगळ्या बँकांची, आणि ती एका पाकिटात ठेवू नका. एक अंगावर, एक बॅगेत. प्रवासाच्या खात्यात पंधरा दिवसांपुरतेच पैसे ठेवून बाकीचे दुसऱ्या खात्यात ठेवले, तर कार्ड चोराच्या हाती गेलं तरी नुकसानीला तळ असतो.

आता तारखा मांडू. गेल्या दोन महिन्यांचं पासबुक पुरत नाही, कारण वर्षातून एकदा जाणारे पैसे त्यात दिसत नाहीत. मागच्या वर्षी याच दिवसांत काय कापलं गेलं ते बघा. आपल्या उदाहरणात घराचा हप्ता ५ तारखेला, सोसायटीचे पैसे १ ला, वीज १५ ला, क्रेडिट कार्ड १८ ला, फोन-इंटरनेट २० ला, आणि मागच्या वर्षीच्या नोंदीत सापडलेला घराच्या विम्याचा वार्षिक हप्ता पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला. बारा तारखेला निघालं की वीज, क्रेडिट कार्ड आणि फोन दोन-दोनदा येतात. हप्ता, सोसायटी आणि विमा एकेकदा. एकूण नऊ कपाती. त्यातल्या पहिल्या तीन पुढचा पगार जमा होण्याआधीच येतात, तेव्हा तेवढे पैसे निघताना खात्यात हवेतच. बाकीच्या सहांसाठी पगारावर विसंबायला हरकत नाही, पण मी एका महिन्याच्या कपातीइतकी रक्कम जास्तीची ठेवतो. पगार चार दिवस उशिरा झाला म्हणून हप्ता चुकवायचा नाही.

क्रेडिट कार्डाच्या ऑटो-पेमध्ये ‘पूर्ण रक्कम’ निवडली आहे की ‘किमान रक्कम’, हे उघडून बघा. कित्येकांनी कधीतरी किमान रक्कम निवडलेली असते आणि एरवी ते हाताने उरलेली भरतात. प्रवासात हाताने भरणं राहतं आणि उरलेल्या रकमेवर व्याज चढतं.

विम्याच्या कागदातली एक ओळ

घराचा विमा असेल तर त्यात ‘घर रिकामं असताना’ किंवा तशा अर्थाचं कलम शोधा. अनेक देशांतल्या पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवसांहून जास्त बंद राहिलं तर पाणीगळती, चोरी किंवा तोडफोडीची भरपाई कमी होते किंवा मिळतच नाही. काही ठिकाणी पाणी मुख्य व्हॉल्व्हला बंद करण्याची किंवा ठरावीक दिवसांनी कुणीतरी घर बघून जाण्याची अट असते. आपले दिवस ४२, म्हणजे तीस दिवसांची अट असेल तर आपण तिच्या पलीकडे जातो. कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तरही ईमेलनेच मागवा. फोनवर ‘हो हो, चालेल’ म्हणणारा माणूस दावा करताना सापडत नाही. घर बघायला येणाऱ्याने प्रत्येक फेरीला एक फोटो पाठवला तर फेऱ्यांची नोंद आपोआप तयार होते.

दोन आठवडे आधी: पाणी

बंद घरात चोरीची भीती सगळ्यांना वाटते, पाण्याची फारशी कुणाला वाटत नाही. पण वॉशिंग मशीनच्या मागची रबरी नळी दिवसरात्र दाबाखाली असते. घरात माणूस असेल तर ती फुटल्यावर दहा मिनिटांत कळतं. नसेल तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून कळतं.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणं. पण हा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं कुणी फिरवलेला नसतो. निघण्याच्या दिवशी तो फिरवला आणि अडकला, किंवा फिरला पण दांड्याजवळून थेंब येऊ लागला, तर हातात वेळ नसतो. म्हणून दोन आठवडे आधी तो बंद करा आणि घरातला सर्वात खालच्या पातळीवरचा नळ उघडा. पाइपातलं उरलेलं पाणी वाहून जाईल आणि काही मिनिटांत धार थांबायला हवी. बारीक धार चालूच राहिली तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही असं समजा आणि प्लंबरला बोलवा. परत उघडल्यावर दांड्याभोवती कोरडा कागद गुंडाळून अर्ध्या तासाने बघा. ओला झाला असेल तर तिथूनही गळती आहे.

लपलेली गळती शोधायला मीटर पुरतो. रात्री झोपण्याआधी आकडा लिहा, सकाळी नळ उघडण्याआधी पुन्हा बघा. मध्ये कुणी पाणी वापरलं नसताना आकडा सरकला असेल तर बहुतेक वेळा संडासाची टाकी गुन्हेगार निघते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते आहे.

आता एक विरोध समोर येतो. पाणी बंद केलं तर कुंड्यांना आणि मांजराला पाणी कुठून द्यायचं? घरात मांजर असताना मी मुख्य व्हॉल्व्ह बंद करत नाही. त्याऐवजी वॉशिंग मशीनचा नळ, टाकीचा छोटा व्हॉल्व्ह आणि गीझरला जाणारा व्हॉल्व्ह बंद करतो. स्वयंपाकघरातला एकच नळ चालू ठेवतो. गीझरचं बटणही बंद. घरात फक्त झाडं असतील तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करून भरलेल्या बादल्या ठेवता येतात, पण त्या घट्ट झाका. उघड्या पाण्यात डासांची पिल्लं व्हायला आठवडा-दीड आठवडा पुरतो.

मोरी, बेसिन आणि न्हाणीघराच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो. त्यात साठलेलं पाणी गटारातला वास आणि झुरळं अडवतं. काही आठवडे कुणी पाणी ओतलं नाही की ते वाळतं. परत आल्यावर ‘घरात काहीतरी मेलंय’ असा वास येतो तो बऱ्याचदा याचाच. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे स्वयंपाकाचं तेल सोडा. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही.

फ्रिज चालू ठेवायचा की बंद, हे घर सांभाळायला येणाऱ्या काळजीवाहूला तो लागतो का यावर ठरवा. बंद करणार असाल तर रिकामा करा, पुसा आणि दारात घडी घातलेला टॉवेल अडकवून ते किलकिलं ठेवा. बंद दारामागे दोन आठवड्यांत काळी बुरशी धरते. चालू ठेवणार असाल तर फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बर्फाच्या आत बुडालेलं दिसलं तर मधल्या काळात वीज इतका वेळ गेली होती की बर्फ वितळून पुन्हा गोठला. मग फ्रीजरमधलं सगळं टाकून द्या.

विजेचं एवढंच: लागणार नाहीत ते प्लग काढा, आणि स्विचबोर्डावर जे बटण बंद करायचं *नाही* त्यावर रंगीत टेप लावा. काळजीवाहू माणसं चांगुलपणाने सगळी बटणं बंद करून जातात.

कुलपांविषयी मी फार सांगणार नाही. किल्ली कुंडीखाली ठेवू नका, तिला पत्ता लिहिलेला पट्टा लावू नका, दाराशी पाकिटं साठू देऊ नका, एखादा दिवा टायमरवर ठेवा, आणि प्रवासाचे फोटो परत आल्यावर टाका. खिडकीच्या कड्या मात्र एकेक हाताने ओढून बघा. नुसतं बघितलं तर लागलेली आणि लागल्यासारखी दिसणारी कडी यात फरक कळत नाही.

कुंड्या: आधी वजन करा

कुंड्या सांभाळणारा माणूस झाडं मारतो ती बहुतेक वेळा पाणी कमी घालून नाही, जास्त घालून. त्याला जबाबदारी वाटते, म्हणून तो रोज घालतो आणि मुळं कुजतात. त्याला अंदाज देण्यापेक्षा मोजमाप द्या.

दोन आठवडे आधी एका कुंडीला तळातून पाणी येईपर्यंत पाणी घाला, निथळू द्या आणि वजन करा. समजा, ३.४ किलो भरलं. रोज त्याच वेळी वजन घ्या. पाचव्या दिवशी पानं किंचित मलूल होऊ लागली आणि वजन २.८ किलो आलं. म्हणजे पाच दिवसांत ६०० ग्रॅम गेलं, रोजचे साधारण १२० मिलिलिटर. बेचाळीस दिवसांना पाच लिटर. आता तीच कुंडी खिडकीपासून दोन-तीन हात आत, थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा आणि पुन्हा मोजा. उजेड कमी झाला की झाड पाणीही कमी ओढतं. समजा, आता रोज ७० मिलिलिटरच जातं. मग तेच ६०० ग्रॅम आठ दिवस पुरतात, आणि काळजीवाहूच्या आठ फेऱ्यांऐवजी पाच पुरतात.

चौदाच्या चौदा कुंड्यांचं वजन करायची गरज नाही. तहानेप्रमाणे त्यांचे तीन गट करा आणि प्रत्येक गटातली एक मोजा. मग रंगीत टेप लावा: निळी म्हणजे आठवड्यातून एकदा, पिवळी म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा, लाल म्हणजे हात लावू नका. निवडुंग, कोरफड आणि जाड पानांची सगळी मंडळी लाल. निळ्या कुंड्यांसाठीही एक नियम लिहून ठेवा: बोट दोन पेरं मातीत घालून बघा, ओलं लागलं तर पाणी घालू नका.

कुणी येणारच नसेल तर वातीची पद्धत वापरा. सुती किंवा नायलॉनच्या जाड दोरीचं एक टोक मुळांपर्यंत मातीत खोचायचं, दुसरं पाण्याच्या भांड्यात तळापर्यंत सोडायचं. दोरी आधी पूर्ण भिजवा, कोरडी दोरी पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. भांड्यातल्या पाण्याची पातळी मातीपेक्षा खाली हवी. भांडं उंचावर ठेवलं तर पाणी नुसतं वाहत राहतं, दोन दिवसांत बादली रिकामी होते आणि कुंडीचा चिखल. निघण्याआधी आठवडाभर ही योजना चालवून बघा आणि भांड्यातली पातळी किती उतरते ते खुणेने मोजा. मोजल्याशिवाय भरवसा ठेवू नका, कारण प्रत्येक दोरी वेगळ्या वेगाने ओढते.

शेवटच्या पंधरवड्यात खत घालू नका आणि कुंडी बदलू नका. नवी फूट आली की तहान वाढते. कळ्या आणि सुकत आलेली फुलं खुडून टाका. मन होत नाही, पण ती तशीही कुणी बघणार नसतं.

मांजर, आणि इतर

मांजराला घर हलवणं जड जातं. ते शक्यतो घरीच राहू द्या आणि माणूस त्याच्याकडे येऊ द्या. दिवसातून किमान एकदा, जमल्यास दोनदा. ‘एक दिवसाआड चालेल, भरपूर खाणं ठेवून जा’ हे मी ऐकत नाही. कारण मांजराचं आजारपण बहुधा एकाच गोष्टीतून कळतं: त्याने खाल्लं नाही. भरलेल्या ताटातून ते कळत नाही. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. म्हणून खाणं मोजूनच द्यायचं. दिवसाला ६० ग्रॅम कोरडं खाणं असेल तर ४२ दिवसांना अडीच किलोहून थोडं जास्त. त्यावर आठवड्याभराचं जास्तीचं ठेवा, कारण विमानं चुकतात. ६० ग्रॅमच्या खुणेचा एक पेला द्या. ‘मूठभर’ कुणाची केवढी असते सांगता येत नाही.

काळजीवाहूला नुसती किल्ली देऊन निघू नका. आधी एकदा तुम्ही घरात असताना त्याला सगळं करू द्या आणि तुम्ही हात न लावता बघा. नंतर एक रात्र खरोखर बाहेर राहा. आमच्या शेजारच्या ताईंनी अशी रंगीत तालीम केली तेव्हा कळलं की आमचं दार बाहेरून उघडताना जरा वर उचलावं लागतं. आम्हाला इतकी सवय झालेली की सांगायचं सुचलंच नव्हतं. त्या दहा मिनिटं दाराशी झटत होत्या आणि आत मांजर ओरडत होतं. हे निघाल्यानंतर झालं असतं तर?

लिहून द्यायचा कागद एका पानाचा असू द्या. त्यात नेहमीचं काय ते आधी लिहा: किती खातं, कुठे लपतं, दिवसाला लघवीचे किती गठ्ठे निघतात. मग फोन कधी करायचा ते. पूर्ण दिवस न खाल्लं तर मला आणि डॉक्टरला फोन. बोका वाळूत वारंवार बसतो, कुंथतो आणि लघवी येत नाही असं दिसलं तर माझी वाट न बघता त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे. मूत्रमार्ग अडला असेल तर एका दिवसाची दिरंगाईसुद्धा महागात पडते.

डॉक्टरकडेही एक पत्र द्या: माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती जनावर आणेल, अमुक रकमेपर्यंतचे उपचार मला न विचारता करा, त्यापुढे मला किंवा दुसऱ्या ठरवलेल्या व्यक्तीला विचारा. दुसरी व्यक्ती लिहायलाच हवी, कारण तुम्ही नेमके विमानात असू शकता. थोडी रक्कम आधी जमा करता आली तर काळजीवाहूला स्वतःच्या खिशाचा विचार करावा लागत नाही. आणि तो स्वतः आजारी पडला तर? दुसरी किल्ली आणखी कुणाकडे तरी हवी, आणि दोघांना एकमेकांचे नंबर माहीत हवेत.

एक गोष्ट कुंड्या आणि मांजर यांच्यामधली. लिलीच्या फुलांचे परागही मांजराची मूत्रपिंडं बिघडवू शकतात. घरी कुणी फुलं आणू नयेत, हे कागदावर वेगळ्या ओळीत लिहा.

कुत्र्यासाठी बोर्डिंग निवडणार असाल तर लसीकरणाचा दाखला सहा आठवडे आधी काढून बघा. एखादी लस राहिली असेल तर ती दिल्यावर परिणाम दिसायला दिवस लागतात आणि काहींचे दोन डोस अंतराने द्यावे लागतात. माशांचं उलट आहे: त्यांना उपासापेक्षा जास्तीच्या खाण्याने धोका. रोजचा डोस छोट्या पुड्यांत बांधून, तारखा लिहून ठेवा आणि डबा कपाटात लपवा.

शेवटची सकाळ

कचरा बाहेर, ओली फडकी वाळत, भांडी कोरडी. वॉशिंग मशीन शेवटचं आदल्या दिवशी चालवा, कारण पाणी बंद करण्याआधी नळी ओली आहे की कोरडी ते बघायला वेळ मिळतो. मग मशीनचं दार उघडं ठेवा.

गॅसचा रेग्युलेटर, बंद केलेले व्हॉल्व्ह, शेगडीचे नॉब, मीटरचा आकडा, मागच्या दाराची कडी, या सगळ्यांचे फोटो काढा. चार तासांनी ‘गॅस बंद केला होता ना?’ असं वाटेलच. तेव्हा फोटो बघायचा. मीटरच्या आकड्याचा दुसरा उपयोगही आहे: काळजीवाहूने दर फेरीला त्याचाच फोटो पाठवला की पाणी कुठे वाहतंय का ते तुम्हाला हजारो किलोमीटरवरून कळतं. आठवड्याला कुंड्या आणि मांजर मिळून वीसेक लिटर जायला हवं आणि आकडा दोनशेने पुढे गेला असेल, तर फोन लावा.

परत आल्यावर मुख्य व्हॉल्व्ह बंद केला असेल तर तो हळूहळू उघडा, एकदम उघडला तर पाइपात धक्का बसतो. सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या, आधी खिडकी उघडून. आठवडेच्या आठवडे पाइपात उभं राहिलेलं कोमट पाणी जंतूंना मानवतं, म्हणून शॉवर सुरू करून लगेच त्याखाली उभे राहू नका. त्याच संध्याकाळी ४२ दिवसांचा खातेउतारा उघडा आणि नऊ कपातींवर एकेक करून खूण करा. नववी सापडली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन तिथे.